रिकाम्या हॉलच्या फोटोत भरलेली गर्दी

प्रश्न : वकीलसाहेब, अमळनेरजवळ माझा 40 बाय 60 फुटांचा हॉल आहे. उद्घाटनाआधी काढलेल्या रिकाम्या हॉलच्या फोटोत एडिटिंग करणाऱ्याने टेबलांवर जेवणारी सुमारे तीनशे माणसे बसवली. तो फोटो पाहून सुरतच्या एका कुटुंबाने मुलीच्या साखरपुड्यासाठी मोबाइलवरूनच बुकिंग केले व 25,000 रुपये अ‍ॅडव्हान्स पाठवला. आता जागा अपुरी म्हणून त्यांनी वकिलाची नोटीस दिली आहे. पावतीवर 'रक्कम परत मिळणार नाही' असे छापलेले आहे, आणि मी क्षमतेबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. मी दोषी ठरतो का?

उत्तर : आपला सगळा भर 'मी काही लिहिले नाही' यावर आहे, आणि आपली बाजू नेमकी तिथेच लंगडी पडते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत तोंडी आणि लेखी विधानाबरोबर दृश्य स्वरूपातील निवेदनही येते, त्यामुळे फोटोने जे सांगितले ते आपणच सांगितले असे धरले जाते.

फोटोने काय सांगितले, ते मोजून पाहू. आपल्या हॉलचे क्षेत्रफळ 2,400 चौरस फूट आहे. टेबल-खुर्चीवर जेवणाऱ्या माणसाला, वाढप्यांच्या वाटेसह, साधारण 15 चौरस फूट जागा लागते. म्हणजे एका वेळी 160 पाने. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी सुमारे 7 चौरस फूट पुरतात आणि तीनशेहून अधिक माणसे सहज बसतात. म्हणून 'हॉलमध्ये तीनशे माणसे मावतात' हे कार्यक्रमापुरते खरे असले, तरी 'तीनशे माणसे एकाच वेळी जेवतात' हे खरे नाही, आणि फोटोत तर माणसे जेवतानाच दाखवली आहेत. एडिटिंगमध्ये हे जमते, कारण माणसे प्रमाणापेक्षा लहान करून बसवता येतात. फरशी दोन फुटी असेल तर एका फरशीवर किती खुर्च्या दिसतात ते मोजा. साधी प्लास्टिकची खुर्चीसुद्धा दीड फुटाहून रुंद असते, त्यामुळे एका फरशीच्या रुंदीत दोन माणसे शेजारी बसलेली दिसली, तर समोरचा वकील हीच मोजणी ग्राहक आयोगापुढे करून दाखवील. रिकामा हॉल पाहून माणूस स्वतः अंदाज बांधतो; गर्दी दाखवली की तो अंदाज आपण त्याच्यासाठी बांधून देतो, शिवाय इथे एवढे मोठे समारंभ होऊन गेले आहेत असेही सुचवतो, जे उद्घाटनाआधी शक्यच नव्हते.

प्रत्येक एडिटिंग बेकायदेशीर असते असे मात्र नाही. भिंतीचा रंग उजळ करणे किंवा 'खान्देशातली सर्वात चवदार शेवभाजी' असे म्हणणे ही नेहमीची स्तुती आहे. बुकिंगचा निर्णय ज्यावर ठरतो ती बाब खोटी दाखवली, तर दिशाभूल होते. कोपऱ्यात 'काल्पनिक चित्र' असे बारीक छापले असते तरी फारसा उपयोग नव्हता, कारण 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाने मूळ दावा खोडून काढता येत नाही, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो.

पैशांबाबत भारतीय करार कायद्याचे कलम 19 पाहावे लागेल. चुकीच्या निवेदनावरून दिलेली संमती रद्द करता येते. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : समोरच्याला साध्या दक्षतेने सत्य कळले असते, तर निव्वळ चुकीच्या निवेदनाची सबब त्याला चालत नाही. त्यांनी हॉल येऊन पाहिला असता, तर हा मुद्दा आपल्या बाजूने जोरात मांडता आला असता. मात्र फोटो खोटा आहे हे माहीत असून तो फसवण्यासाठीच वापरला असे ठरले, तर हा अपवादही मिळत नाही, आणि फोटोत बदल केल्याचे आपल्याला ठाऊक होते. पावतीवरील छापील अट अशा करारातून आपल्याला वाचवील असे मला वाटत नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे प्रकरण जळगावला नव्हे, सुरतला चालू शकते. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 89 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड आहे खरा, पण त्याची दखल न्यायालय केवळ केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या तक्रारीवरच घेते. त्या कुटुंबाला थेट तो खटला भरता येत नाही, तेव्हा त्या भीतीपोटी घाईने काही लिहून देऊ नका.

माझा सल्ला असा की अ‍ॅडव्हान्स बँकेमार्फत परत करा आणि नोटिशीला लेखी उत्तर देऊन 'वाद पूर्णपणे मिटला' अशा मजकुरावर त्यांची सही घ्या. फोटो फ्लेक्सवरून, गूगलवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आजच काढा, पण मूळ फाइल, एडिटिंगचे बिल आणि चॅट पुसू नका. बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला हा वाद निघाला तर तोच आपला पुरावा आहे, आणि तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे प्रमाणपत्र लागेल. नव्या जाहिरातीत टेबले मांडलेला रिकामा हॉल दाखवा, आणि फोटोखाली ठळक मराठीत लिहा : 'एका वेळी जेवणासाठी 160, कार्यक्रमासाठी खुर्च्यांवर 300.'