चार कोपऱ्यांची थरथर स्मूद करून जात नाही

प्रश्न: हातात धरलेल्या फोनच्या शॉटमध्ये स्क्रीनवर ॲनिमेशन बसवतोय. आफ्टर इफेक्ट्समध्ये चारही कोपरे ट्रॅक केले, पण ॲनिमेशन थरथरतं. कीफ्रेम स्मूद केल्या तर चालेल का? आणि पुढच्या शूटला फोनची स्क्रीन हिरवी ठेवायची की बंद?

उत्तर:

नाही, स्मूद करू नका. या एका गोष्टीवरून माझं एका सुपरवायझरांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि आजही कुणी हा सल्ला देताना दिसलं की मला गप्प बसवत नाही.

शॉट अगदी तुमच्यासारखाच होता. पाच सेकंद, 25 फ्रेमच्या दराने 125 फ्रेम. कॅमेरा हातात, फोनही हातात, अंगठा खालून वर सरकतो आणि स्क्रीनवरची यादी त्याच्यासोबत वर जाते. फोन बंद ठेवून शूट केलेला, काचेत खिडकीचं प्रतिबिंब. मीही आधी चार कोपऱ्यांवर चार ट्रॅक पॉइंट लावले. उजवा खालचा कोपरा अंगठ्याखाली जात होता, तिथे पॉइंट सुटला. डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ खिडकीचं प्रतिबिंब होतं, तो पॉइंट प्रतिबिंबाला चिकटून काचेवरून घसरत गेला. उरलेले दोन ठीक होते, पण दर फ्रेमला पाऊण-एक पिक्सेल इकडेतिकडे. यादीतली अक्षरं जणू पाण्याखाली असल्यासारखी हलत होती.

सुपरवायझरांनी पाहिलं आणि म्हणाले, "स्मूद मार आणि पुढे जा." मी प्रत्येक कोपऱ्याला हे एक्स्प्रेशन लावलं:

```
smooth(0.2, 5)
```

थरथर गेली. तिच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. यादी फोनवर तरंगायला लागली, फोन झटक्यात हलायचा आणि यादी त्याच्याइतकी हलायचीच नाही. ते म्हणाले ट्रॅकच खराब आहे, पुन्हा कर. मी म्हणालो ट्रॅक खराब होताच, पण तरंगणं स्मूद केल्यामुळे आलंय. त्यांना ते पटलं नाही आणि सगळ्यांसमोर मला आळशी म्हणाले. म्हणून इथे हिशेब मांडतो.

हे एक्स्प्रेशन आसपासच्या पाच नमुन्यांची सरासरी काढतं. समजा नमुने नेमके फ्रेमवर पडले. हाताच्या एका झटक्यात फोन वर जाऊन परत येतो आणि लागोपाठच्या पाच फ्रेममध्ये त्याची जागा 0, 2, 6, 2, 0 पिक्सेल अशी आहे. मधल्या फ्रेमची सरासरी काढा: 0, 2, 6, 2, 0 ची बेरीज 10, भागिले 5, म्हणजे 2. फोन 6 वर आहे आणि तुमचं ॲनिमेशन 2 वर. चार पिक्सेलची फट, तीही जिथे हालचाल सर्वात ठळक आहे तिथेच. शेजारी फोनची खरी कड दिसत असल्यामुळे डोळ्याला ही फट लगेच कळते. हाताचा कंप हा फुटेजमधला खरा कंप आहे. तो ॲनिमेशनमध्येही तसाच्या तसा हवा. स्मूद करणाऱ्याला खरा कंप कुठला आणि ट्रॅकची चूक कुठली हे कळत नाही, तो दोन्ही कापतो.

आता थरथर मुळात का येते? चित्र चार कोपऱ्यांवर ताणून बसवणाऱ्या कॉर्नर पिनला फक्त चार बिंदू कळतात, म्हणजे आठ आकडे. तुम्ही कुठलेही चार बिंदू द्या, त्यातून कुठला ना कुठला पर्स्पेक्टिव्ह बसतोच. एक कोपरा चुकून दोन पिक्सेल बाहेर गेला तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, ते समजतं की फोन तिकडून थोडा तिरका झाला आणि सगळी स्क्रीन त्याप्रमाणे ताणतं. चार कोपरे चार स्वतंत्र चुका करतात, आणि प्रत्येक चूक फोन वाकल्यासारखी दिसते. ही चूक वेळेत सरासरी काढून घालवायची नसते, जागेत काढायची असते. एकाच फ्रेममध्ये फोनच्या पृष्ठभागावरचे हजारो पिक्सेल मिळून ते आठ आकडे ठरवू देत. प्लेनर ट्रॅकर हेच करतो. म्हणून आफ्टर इफेक्ट्ससोबत येणारा मोका उघडा आणि चार पॉइंटचा ट्रॅकर विसरा.

मी तो शॉट दुसऱ्यांदा असा केला. सुरुवात पहिल्या फ्रेमपासून केली नाही. जिथे फोन सर्वात मोठा, सर्वात समोरून आणि कमी धूसर दिसत होता ती फ्रेम निवडली आणि तिथून पुढे-मागे दोन्हीकडे ट्रॅक केलं. आकार फोनच्या कडेबाहेर किंचित सैल काढला. मग त्याच लेयरमध्ये दुसरा आकार काचेच्या आत काढला, म्हणजे मधला भाग वजा झाला. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग ट्रॅक का सरकतो म्हणून डोकं धरतात. काचेतलं प्रतिबिंब काचेवर नसतं. खिडकी तीन मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंबही काचेच्या मागे तीन मीटरवर असल्यासारखं हलतं. फोन जरा तिरका झाला की ते काचेवरून सरसर पळतं. ट्रॅकरला मधली काच दिली तर तो प्रतिबिंबाच्या मागे जाणारच. काचेभोवतीची काळी कड आणि फोनची चौकट एवढंच त्याला द्या. अंगठ्यासाठी वरच्या लेयरवर वेगळा आकार काढला आणि तो अंगठ्यासोबत हलवत नेला. वरचा लेयर खालच्याला झाकतो, त्यामुळे अंगठ्याचे पिक्सेल हिशेबातून जातात.

Perspective ची खूण मी शेवटी लावली. आधी Shear पर्यंतच ट्रॅक करून पाहिलं, कारण बारीक कडेत माहिती कमी असते आणि पर्स्पेक्टिव्ह मोकळा सोडला की तो उगाच डुलतो. या शॉटमध्ये फोन खरोखर तिरका होत होता, म्हणून तो लागला.

मग चार कोपरे बसवायचे. फोनच्या स्क्रीनचे कोपरे गोल असतात, म्हणजे ज्या बिंदूवर पिन लावायची तो बिंदू चित्रात अस्तित्वातच नाही. सरळ कडा मनाने पुढे वाढवा, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पिन येते, काळ्या कडेवर किंवा चक्क तिच्याही बाहेर. गोलाईवर पिन लावलीत तर स्क्रीन लहान बसते आणि मग लोक ती स्केल करून भरतात, त्याने पर्स्पेक्टिव्ह बिघडतो. गोलाई नंतर मास्कने कापा. चार पॉइंटचा ट्रॅकर इथे का हरतो हेही यातूनच कळेल: जो कोपरा नाहीच तो ट्रॅक कसा होणार?

तपासायला Stabilize दृश्य लावा. त्यात स्क्रीन जागेवर राहते आणि बाकी जग हलतं. कड जागची हलत असेल तर ती ट्रॅकची चूक. माझ्या शॉटमध्ये शेवटच्या तीसेक फ्रेममध्ये डावी कड हळूहळू दीड पिक्सेल सरकत होती. Adjust Track मध्ये सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोनच कीफ्रेमने ती सरळ झाली. दर फ्रेमला कीफ्रेम टाकू नका, नाहीतर तुमच्या हाताची थरथर नव्याने आत येते.

बाहेर नेताना दोन ठिकाणी लोक अडकतात. कॉर्नर पिनचे आकडे लेयरच्या मापात असतात, म्हणून ॲनिमेशन आधी फुटेजच्याच मापाच्या कॉम्पमध्ये पूर्ण भरून ठेवा. आणि पेस्ट करताना प्लेहेड ट्रॅकच्या पहिल्या फ्रेमवरच हवा. एक फ्रेम चुकली तरी ॲनिमेशन फोनच्या मागे धावतं. हे ओळखायचं कसं? फोन स्थिर असताना थरथर दिसली तर ट्रॅकचा दोष. फोन हलतानाच फट पडत असेल आणि वेग वाढला की वाढत असेल, तर फ्रेम मागे-पुढे झाली आहे. झटक्यात दिशा बदलतानाच फट पडत असेल, तर कुणीतरी स्मूद केलंय. स्क्रीन चित्राच्या कडेला गेल्यावरच सरकत असेल तर लेन्सचं डिस्टॉर्शन बघा.

एक्स्पोर्टमध्ये मोशन ब्लर चालेल असा कॉर्नर पिनचा पर्याय घ्या. साध्या कॉर्नर पिन इफेक्टने कॉम्पचा मोशन ब्लर लागत नाही. झटक्याच्या फ्रेममध्ये फोन धूसर आणि अक्षरं कोरीव अशी दिसली की ट्रॅक बिनचूक असूनही सगळे म्हणतील थरथरतंय.

सुपरवायझरांना मी दोन्ही शॉट एकापाठोपाठ दाखवले. दुसरा त्यांनी पाहताक्षणी घेतला, पण स्मूद करणं चूक होतं हे शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

हिरव्या स्क्रीनबद्दल: माझं मत बंदच ठेवा. हिरवी स्क्रीन बोटांवर हिरवा उजेड टाकते आणि प्रतिबिंबं खाऊन टाकते. बंद काळ्या काचेवरची खिडकी मात्र फुकट मिळते, फुटेजची प्रत ॲनिमेशनच्या वर Screen मोडमध्ये ठेवली आणि तिचा काळा भाग खाली ओढला की तेच प्रतिबिंब नव्या स्क्रीनवर पडतं. बोटं मात्र मग हाताने रोटो करावी लागतात, म्हणजे फ्रेमगणिक त्यांची कड आखून वेगळी काढावी लागतात. डोक्याचे केस किंवा वेगाने हलणारी पाच बोटं स्क्रीनसमोरून जाणार असतील तर हिरवी घ्या, पण ब्राइटनेस अगदी कमी ठेवून.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. कडेला वळलेल्या काचेचा फोन हा सपाट पृष्ठभाग नाही, तिथे कॉर्नर पिन मधल्या भागापुरतीच खरी. आणि स्लायडरवरच्या संथ शॉटमध्ये स्मूद करून फारसं बिघडत नाही हे मला मान्य आहे, कारण तिथे पाच फ्रेममध्ये दिशा बदलतच नाही. सुपरवायझरांचा अनुभव बहुधा तसल्याच शॉटचा असावा. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि मॉनिटर टेबलावर असेल तर ट्रॅक करूच नका, एका फ्रेमवर चार कोपरे बसवा आणि सोडून द्या.