टांगलेला शाफ्ट, निमुळती सळई आणि अर्ध्या वजनाचा हिशेब

प्रश्न: निमुळत्या गोल सळईची लांबीवाढ काढताना सरासरी व्यास घेऊन सरळ PL/AE लावलं तर का चालत नाही? आणि टांगलेल्या सळईत स्वतःचं वजन अर्धंच का धरतात? एवढ्याशा वाढीने प्रत्यक्षात काही फरक पडतो का?

शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. पडतो, भरपूर पडतो, आणि "एवढ्याशा वाढीने काय होतंय" हे वाक्य मी साइटवर इतकं ऐकलंय की आता ते सहन होत नाही.

आधी तुमचा परीक्षेचा भाग. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. लांबीवाढ म्हणजे सरासरी विकृती गुणिले लांबी. सरासरी काढायची ती विकृतीची. व्यासाची नाही, क्षेत्रफळाचीही नाही.

टांगलेल्या सरळ सळईत प्रत्येक छेद फक्त आपल्या खालचं वजन पेलतो. तळाशी टांगलेला भार P असेल तर तळच्या छेदावर P, वरच्या छेदावर P + W, आणि मध्ये बल एकसारखं सरळ रेषेत वाढत जातं. सरळ रेषेची सरासरी म्हणजे दोन टोकांची बेरीज भागिले दोन, म्हणजे P + W/2. क्षेत्रफळ सगळीकडे सारखं, म्हणून विकृतीची सरासरीही तीच. W/2 हा अंदाज नाही, अचूक उत्तर आहे:

δ = (P + W/2) L / AE

निमुळत्या सळईत उलट आहे. बल सगळीकडे P, पण विकृती 1/d² प्रमाणे बदलते आणि ती सरळ रेषा नाही. बारीक टोकाकडे ती झपाट्याने चढते. एका टोकाला ४० मिमी, दुसऱ्या टोकाला २० मिमी, लांबी १ मीटर, ओढ ४० kN, पोलाद, E = २०० GPa असं घ्या. खरं सूत्र:

δ = 4PL / (π E d₁ d₂)

यातून ०.३१८ मिमी येतात. सरासरी व्यास ३० घेऊन PL/AE लावलं तर ०.२८३, म्हणजे ११ टक्के कमी. दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ०.२५५, म्हणजे २० टक्के कमी. चूक दोन्ही वेळा कमी बाजूलाच होते. हीच सळई मधोमध दोन तुकड्यांत पाहा. जाड अर्ध्या भागात d₁d₂ म्हणजे ४० × ३०, बारीक अर्ध्या भागात ३० × २०. म्हणजे जाड अर्धा भाग ०.१०६ ताणला जातो आणि बारीक अर्धा ०.२१२. एकूण वाढीतली दोन तृतीयांश बारीक अर्ध्या भागाने दिली. सरासरी व्यास हेच झाकून टाकतो. सूत्रात d² च्या जागी d₁d₂ आलंय एवढं लक्षात ठेवलंत तर पुरे. इंटिग्रेशन तुमच्या पुस्तकात असेलच.

आता साइटकडे.

नोकरीच्या सुरुवातीला मी नदीकाठच्या एका पाणीयोजनेवर होतो. जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, व्हर्टिकल टर्बाइन पंप. मोटर वर, इंपेलर म्हणजे पाणी ढकलणारी फिरती चाकं खाली पाण्यात, मध्ये ३० मीटर लांब ४० मिमीचा लाइन शाफ्ट. मोटरचा शाफ्ट पोकळ असतो. पंपाचा शाफ्ट त्यातून वर येतो आणि माथ्यावर एका मोठ्या अॅडजस्टिंग नटवर टांगलेला राहतो. म्हणजे तुमच्या पुस्तकातली आकृतीच. नट हा वरचा आधार, शाफ्टचं वजन W, आणि खाली इंपेलर.

हा नट किती फिरवायचा यावर पंपाचं आयुष्य अवलंबून असतं. नट सैल असताना इंपेलर खाली बाउलवर, म्हणजे ते ज्यात फिरतात त्या स्थिर कवचावर, टेकून बसलेले असतात. नट आवळत जाल तसा शाफ्ट वरून ताणला जातो, पण इंपेलर लगेच उठत नाहीत. शाफ्टचं सगळं वजन नटवर आल्यावरच ते सुटतात, आणि त्या क्षणी शाफ्ट हाताने हलका फिरायला लागतो. हे हाताला अगदी स्पष्ट कळतं: आत्तापर्यंत जड, घासत फिरणारा शाफ्ट एकदम मोकळा होतो. तिथून पुढे जितका नट फिरवाल तितके इंपेलर बाउलच्या वर उचलले जातात. त्याला आम्ही लिफ्ट म्हणतो.

आमच्या साहेबांनी लिफ्ट ठेवली १ मिमी. नटाचं पिच ३ मिमी, म्हणजे एक तृतीयांश फेरा. मी विचारलं, पंप चालू झाल्यावर थ्रस्टने, म्हणजे पाण्याच्या खाली ढकलणाऱ्या बलाने, शाफ्ट ताणला जाईल त्याचं काय? ते म्हणाले, "तीनशे किलोचा शाफ्ट स्वतःच्या वजनाने आधीच ताणला गेलाय. आता आणखी काय ताणणार? कॉलेजचं गणित इथे नको."

मी लॉगशीटच्या पाठीवर गणित मांडलं. शाफ्टचं वजन d²/१६२ ने काढा: १६००/१६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो, ३० मीटरचं २९६ किलो, सुमारे २,९०० N. क्षेत्रफळ १,२५७ चौ. मिमी. स्वतःच्या वजनाने होणारी वाढ:

WL/2AE = 2900 × 30000 / (2 × 1257 × 200000) ≈ 0.17 मिमी

आता थ्रस्ट. पंप चालतो तेव्हा इंपेलरच्या वरच्या बाजूला दाब जास्त, खालच्या बाजूला कमी, म्हणून पाणी इंपेलरला खाली ढकलतं. आमच्या पंपाला तो साधारण १५ kN होता.

PL/AE = 15000 × 30000 / (1257 × 200000) ≈ 1.79 मिमी

साहेबांचं अर्धं वाक्य खरं होतं. वजनाची वाढ आधीच होऊन गेलेली असते, कारण लिफ्ट मोजायला सुरुवात करतो तेव्हा सगळं वजन नटवर आलेलं असतं. म्हणून ते ०.१७ लिफ्टमध्ये पुन्हा धरायचेच नाहीत. पण वजनाने ताणलेली सळई नव्या भाराने आणखी ताणली जात नाही, ही समजूत धादांत चुकीची आहे. स्थितिस्थापक मर्यादेत दोन्ही वाढींची बेरीज होते. आधी ०.१७, मग त्यावर १.७९. लिफ्ट १ मिमी, खाली येणार १.७९. इंपेलर बाउलला टेकणार हे पंप सुरू व्हायच्या आधीच कागदावर दिसत होतं.

टेकले. पंप सुरू केल्यावर खालून घरघर यायला लागली आणि अॅमीटर रेटिंगच्या वर जाऊन तिथेच थांबला. पंप बंद करून शाफ्ट हाताने फिरवला तर एकदम मोकळा. इथे सगळे फसले. हाताने मोकळा फिरतो म्हणजे खाली घासत नाही, मग दोष मोटरमध्येच, असं ठरलं आणि मोटरच्या बेअरिंग तपासल्या गेल्या, अलाइनमेंट पुन्हा झाली. काहीच सापडलं नाही. बंद असताना मोकळा आणि चालू असताना घासतो, ही तर थ्रस्टने शाफ्ट ताणला जात असल्याची सर्वांत सोपी खूण आहे. थ्रस्ट गेला की शाफ्ट आखडतो आणि इंपेलर पुन्हा वर येतात.

शेवटी साहेब रजेवर असताना मी आणि फिटरने नटाचा लॉक स्क्रू काढला आणि इंपेलर सुटण्याच्या बिंदूपासून पूर्ण एक फेरा दिला, ३ मिमी. एक फेरा का, तेही सांगतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद असताना हेड, म्हणजे पंपाने दिलेला दाब, सर्वांत जास्त असतं आणि थ्रस्ट हेडबरोबर वाढतो. तेव्हा मी १८ kN धरले, वाढ २.१५ मिमी. तीनातून ते गेल्यावर ०.८५ मिमी मोकळे राहतात. नेहमीच्या हेडला १.२ राहतात. बाउलमधली इंपेलरची एकूण मोकळी जागा १० मिमी होती, त्यामुळे वरच्या बाजूला टेकण्याची भीती नव्हती. पंप लावला. घरघर गेली, अॅमीटर खाली आला. पुढे देखभालीला पंप वर काढला तेव्हा खालच्या बाउलच्या बसकेवर बोटभर रुंद चकचकीत गोल पट्टा उमटलेला सगळ्यांनी पाहिला. साहेब तरीही म्हणाले की तेव्हा व्होल्टेज कमी होतं. व्होल्टेजने बाउलवर पट्टा उमटत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: W/2 पाठ करून उपयोग नाही. कोणती वाढ कधी होते हे कळलं पाहिजे. शाफ्टचा व्यास वाढवला तर वजनाची वाढ कमी होईल असंही लोक सांगतात. नाही होणार. W मध्येच A आहे, तो भागाकारात जातो आणि उरतं γL²/2E, γ म्हणजे पोलादाचं एकक घनफळाचं वजन. जाड असो वा बारीक, ३० मीटर पोलाद स्वतःच्या वजनाने ०.१७ च ताणलं जाणार. व्यास वाढवल्याने फक्त P ची वाढ कमी होते. लांबी दुप्पट केली तर मात्र वजनाची वाढ चौपट आणि P ची दुप्पट. हे वाद घालताना कामाला येतं, मला आलंय.

काही गोष्टी राहिल्या. वरच्या हिशेबात इंपेलरचं स्वतःचं वजन मी धरलेलं नाही. तेही शाफ्टच्या वजनासारखं लिफ्ट मोजायच्या आधीच नटवर आलेलं असतं. कॉलम पाइपही थोडा ताणला जातो, तोही धरलेला नाही. त्याचं क्षेत्रफळ शाफ्टपेक्षा बरंच मोठं असतं. तुमच्या पंपाचा थ्रस्ट उत्पादकाच्या कागदावरून घ्या, माझे १५ kN उचलू नका.

निमुळत्या सळईबद्दलही एक: d₁d₂ चं सूत्र हळूहळू निमुळत्या होणाऱ्या सळईसाठी आहे, आणि बारीक टोकाचा ताण वेगळा तपासायलाच हवा. वरच्या उदाहरणात तो १२७ MPa येतो, साध्या पोलादाला चालतो. आणि निमुळती सळईच टांगली, स्वतःच्या वजनासकट, तर दोन सूत्रं जोडून मोकळे होऊ नका. P साठी d₁d₂ चं सूत्र तसंच राहील, पण वजनाचा भाग वेगळा काढावा लागेल, कारण आता बलही सरळ रेषेत बदलत नाही. टोकापर्यंत निमुळता होत गेलेला पूर्ण शंकू जाड बाजूने टांगला तर वजनाची वाढ γL²/6E येते, सरळ सळईच्या एक तृतीयांश. परीक्षेत हा प्रश्न दोन सूत्रं एकत्र करून विचारतात, तेव्हा वजनाचा भाग इंटिग्रेट करूनच लिहा.