पार्किंगवर उभी इमारत आणि भूकंप

प्रश्न : आमची पुण्यातली १९९६ सालची सोसायटी पार्किंग अधिक चार मजल्यांची आहे. भिंतींना भेगा आहेत, पण स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल ‘ठीक’ आला आहे. भूकंपात इमारत टिकेल का, हे कसे तपासायचे?

ऑडिटचा अहवाल ठीक आला, याचा अर्थ बहुधा इतकाच की काँक्रीट आणि सळया रोजचे वजन पेलण्याजोग्या आहेत. इमारत आडवी हलली तर काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे. तो लेखी विचारल्याशिवाय त्याचे उत्तर सहसा मिळत नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आणि तुमच्या वर्णनात भेगांपेक्षा मला ‘पार्किंग’ हाच शब्द अधिक खटकतो.

वरच्या मजल्यांवर खांबांच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते मजले एखाद्या पेटीसारखे ताठ राहतात. खाली मात्र नुसते खांब असल्याने हलण्याचे जवळजवळ सारे काम त्यांच्यावर पडते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच इमारतींचे पार्किंग चिरडले गेले. त्यानंतर २००२ मध्ये सुधारलेल्या आयएस १८९३ या मानकाने अशा मऊ मजल्याचे खांब आणि बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करण्याची तरतूद केली. तुमची इमारत त्याआधीची आहे.

प्राथमिक अंदाज साध्या गणिताने येतो. समजा, प्रत्येक मजला २०० चौरस मीटरचा आहे आणि गच्चीसह पाच स्लॅब आहेत. चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास, म्हणजे १.२ टन वजन धरले तर एकूण १,२०० टन होतात. भूकंपाच्या धोक्यानुसार पुणे झोन तीनमध्ये येते. भूकंपात न तुटता वाकावी अशी सळयांची खास रचना नसलेल्या खांब-बीमच्या चौकटीसाठी आडवे बल वजनाच्या सुमारे पावणेसात टक्के, म्हणजे ८० टन येते. पार्किंगमध्ये ९ इंच बाय १८ इंचांचे (२३० बाय ४५० मिलिमीटर) १६ खांब असतील तर त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ १६,५६० चौरस सेंटिमीटर होते, आणि चौरस सेंटिमीटरमागे सरासरी ४.८ किलो ताण येतो. जुन्या इमारतींच्या प्राथमिक चाळणीत हा आकडा साधारण ४ च्या आत असावा लागतो. तो ओलांडला म्हणजे इमारत पडेलच असे नाही. सविस्तर विश्लेषण टाळता येणार नाही, एवढेच त्यातून ठरते.

दुसरी गोष्ट सळयांची. एका सोसायटीत आम्ही पार्किंगमधल्या खांबाचे कव्हर, बीमच्या खाली, वीतभर काढले तेव्हा आत उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या ६ मिलिमीटरच्या रिंगा नऊ-नऊ इंचांवर दिसल्या आणि त्यांचे हुक काटकोनात वाकवलेले होते. भूकंपाच्या झटक्यात असे हुक उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. खांबाच्या वरच्या आणि खालच्या दीड फुटात रिंगा ४ इंचांहून लांब नसाव्यात आणि हुक १३५ अंशांत आत वळलेले असावेत. मूळ नकाशे हाती असले तरी असे दोन-तीन खांब उघडून पाहावेतच, कारण कागद आणि साइट यांचे पटतेच असे नाही.

आता भेगा. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी बारीक रेघ बहुतेक वेळा गिलाव्याचीच असते. खांबाच्या कोपऱ्यालगत उभी भेग आणि तांबूस डाग दिसले तर आत सळई गंजते आहे. हा खांब भूकंपातच काय, एरवीही दुबळा होत असतो. खांबावर किंवा बीमच्या टोकाला तिरपी भेग दिसली तर मात्र इंजिनिअरला लगेच बोलवा. शंका असल्यास भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी बसवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग हलते आहे.

उपाय मुख्यतः दोन आहेत. पहिला, पार्किंगच्या निवडक खांबांमध्ये काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे आडवे बल पेलणाऱ्या भिंती, घालणे. त्या दोन्ही दिशांना आणि शक्य तितक्या समतोल असाव्यात, कारण केवळ मागच्या बाजूला भिंत घातली तर इमारत हलताना पिळवटते. त्यांना स्वतःचा पायाही लागतो. दोन-तीन गाड्यांची जागा जाते, आणि सर्वसाधारण सभेत भांडण होते ते बहुधा याच मुद्द्यावर. दुसरा उपाय खांबांना जॅकेटिंग करण्याचा. चारही बाजूंनी ४ इंच काँक्रीट वाढवले की ९ बाय १८ चा खांब १७ बाय २६ चा होतो, म्हणजे क्षेत्रफळ पावणेतीनपट होते. मात्र नव्या सळया खाली फुटिंगमध्ये गुंतवून वर स्लॅबमधून पार नेल्या नाहीत, तर हे जॅकेट खांबाला नुसतेच गुंडाळलेले राहते. कोटेशनमध्ये हा तपशील स्वतंत्र बाब म्हणून आहे का, हे पाहा. तो सर्वांत कटकटीचा असल्याने प्रथम तोच गाळला जातो.