तक्ता मोबाइलवर वाचता यावा म्हणून

समजा, एक्सेलमध्ये सोसायटीचा तक्ता आहे: फ्लॅट, बाकी, मुदत. तो व्हॉट्सॲपवर तसाच पाठवलात तर रकाने अरुंद पडद्यावर मावत नाहीत आणि कुठली रक्कम कोणाची ते कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक ओळीची वेगळी यादी करा. फ्लॅट क्रमांक ठळक मथळा होईल, बाकीचे रकाने त्याखाली मुद्दे.

D2 मध्ये हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
="*"&TRIM(A2)&"*"&CHAR(10)&"- "&$B$1&": "&B2&CHAR(10)&"- "&$C$1&": "&TEXT(C2,"dd/mm/yyyy")
```

रकान्याचं नाव प्रत्येक मुद्द्यात पुन्हा यायलाच हवं, कारण यादीत वर शीर्षक उरत नाही. $ विसरलात तर दुसऱ्याच ओळीपासून शीर्षकाऐवजी वरच्या फ्लॅटची रक्कम येते. TEXT नसेल तर 15 ऑगस्ट 2025 ऐवजी 45884 दिसतं. TRIM हवंच, कारण तारांकनाला आत मोकळी जागा चिकटली की अक्षरं ठळक होत नाहीत.

जोडलेले खाने आधी सुटे करून भरून घ्या. त्यांतल्या फक्त पहिल्यात मजकूर असतो, म्हणून पुढच्या ओळींत मथळ्याजागी नुसती दोन तारांकनं येतात.

कॉपी करून चिकटवल्यावर प्रत्येक यादीभोवती दुहेरी अवतरणचिन्हं येतात. आधी नोटपॅडमध्ये चिकटवून ती काढा. रकमांची तुलना करायची असेल, तर मात्र तक्ताच बरा.