मायक्रोवेव्ह बंद झाल्यावर फुटणारं अंडं

भाऊ म्हणतो, अख्खं अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर फुटतं. पातेल्यात उकडताना तर कधी फुटत नाही, मग यातच का? (कोथरूड)

भावाचं बरोबर आहे. पातेल्यातल्या पाण्याला एक हद्द असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्यापुढे तापत नाही. अंड्याला उष्णता त्या पाण्याकडूनच मिळते. म्हणजे बलकही ९८ अंशांच्या वर जात नाही आणि आत वाफ होत नाही. फार तर कवचाला तडा जातो.

मायक्रोवेव्हच्या लहरी कवचातून आत शिरतात आणि थेट अंड्यातलं पाणी तापवतात. अंड्याच्या गोल आकारामुळे त्या मध्याकडे वळतात, म्हणून बलक फार लवकर तापतो. इथे ९८ अंशांवर थांबवणारं काही नाही. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात खरी, पण ती पिल्लाच्या श्वासापुरती. एवढी वाफ त्यांतून बाहेर पडू शकत नाही, आणि दाब वाढला की कवच फुटतं.

डब्यातलं उकडलेलं, सोललेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. आत काहीच झालं नाही. ताटात घेऊन चमचा लावला आणि ते फाडकन फुटलं, सासूबाईंच्या गालाला भाजलं. कवच नसताना असं कसं? (सहकारनगर)

सासूबाईंना आता बरं वाटत असेल अशी आशा आहे. तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कवच काढलं की धोका संपला असं बहुतेक जण समजतात.

उकडलेल्या बलकात पाणी एकसंध नसतं. घट्ट झालेल्या प्रथिनांच्या जाळ्यात ते बारीक बारीक कप्प्यांमध्ये अडकलेलं असतं. अशा कोंडलेल्या पाण्याला बुडबुडा धरायला जागा सापडत नाही, त्यामुळे उत्कलनबिंदू ओलांडूनही ते न उकळता तसंच राहतं. बाहेरून अंडं अगदी शांत दिसतं. मग चमचा, सुरी किंवा दात लागतो, एक कप्पा फुटतो, त्या धक्क्याने शेजारचे फुटतात आणि सगळीकडचं पाणी एकदम उकळतं.

ढोबळ हिशेब करून पाहा. एका बलकात साधारण ८ ग्रॅम पाणी असतं. ते उकळण्याच्या तापमानापेक्षा फक्त १० अंश जास्त तापलं असेल, तर त्यातल्या जेमतेम ०.१५ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या वाफेला सुमारे २५० मिलिलिटर जागा लागते, म्हणजे अख्ख्या अंड्याच्या पाचपट. ती जागा करून घेताना गरम बलक सगळीकडे उडतो.

अमेरिकेत एका माणसाने हॉटेलात असंच गरम केलेलं अंडं चावलं. तोंड भाजलं आणि कानालाही इजा झाली, असा त्याचा दावा होता. त्या खटल्याच्या निमित्ताने अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लोन या ध्वनितज्ज्ञांनी जवळपास शंभर अंडी तपासली आणि डिसेंबर २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. गरम करताना टिकलेल्या अंड्यांपैकी सुमारे ३० टक्के अंडी बाहेर काढून टोचल्यावर फुटली. एक फुटावर आवाज ८६ ते १३३ डेसिबलपर्यंत गेला.

पुन्हा कधी असं अंडं चुकून तापवलं गेलं, तर हात लावू नका. दार बंदच ठेवून किमान अर्धा तास जाऊ द्या. फुटून भाजलंच, तर २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.

टाचणीने भोक पाडून किंवा वाटीभर पाण्यात बुडवून ठेवलं तर चालेल? (हडपसर)

नाही. कवचाला भोक पाडलं तरी पांढरा भाग घट्ट होताना ते बुजवतो, आणि बलकाभोवतीचं पातळ वेष्टन तसंच राहतं. पाण्याबद्दल सांगायचं तर, वर सांगितलेल्या चाचणीतली अंडी पाण्यातच ठेवली होती, तरी बलक भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला आढळला.

मग आदल्या रात्रीची अंडाकरी गरम कशी करायची? (वारजे)

अंडी आधी बाहेर काढा, नुसता रस्सा मायक्रोवेव्हमध्ये चांगला उकळू द्या. अंडी उभी चिरून दोन फोडी करा, उकळत्या रश्श्यात सोडा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. रश्श्याच्या उष्णतेने ती आतपर्यंत गरम होतात. नुसती उकडलेली अंडी हवी असतील, तर ती गॅसवर उकळलेल्या पाण्यात गॅस बंद करून दहा मिनिटं ठेवा.