एका खिडकीच्या उजेडात मुलाखत: अंधारातल्या गालाचं काय करायचं?

प्रश्न: सांगलीत आजीची अर्ध्या तासाची मुलाखत मोबाईलवर शूट करायची आहे. खोलीला एकच खिडकी, लाइट नाहीत. खिडकीसमोर बसवलं तर चेहरा सपाट दिसतो, बाजूला बसवलं तर अर्धा काळा. काय करू?

उत्तर: बाजूलाच बसवा. तो काळा गाल पांढऱ्या थर्माकोलच्या एका शीटनं सावरता येतो.

मागच्या वर्षी मिरजेत सतार बनवणाऱ्या एका काकांची मुलाखत मी अशाच खोलीत घेतली. खिडकी पूर्वेची होती, म्हणून ऊन खिडकीतून हटेपर्यंत, साडेअकरापर्यंत थांबलो. थेट ऊन आत असलं की त्याचा पट्टा सरकत राहतो आणि पहिलं वाक्य शेवटच्याशी जुळत नाही. थांबणं शक्य नसेल तर खिडकीवर पांढरं धोतर ताणून बांधा.

काकांना खिडकीपासून साधारण साडेतीन फुटांवर, भिंतीपासून पाचेक फूट पुढे बसवलं. मी खिडकीच्या बाजूला बसलो आणि मोबाईल माझ्या दुसऱ्या अंगाला, खोलीच्या आतल्या बाजूला ठेवला. माझ्याकडे बघून बोलताना त्यांचा चेहरा आपोआप खिडकीकडे वळायचा आणि सावलीचा गाल मोबाईलकडे यायचा. चेहऱ्याला उठाव येतो तो यामुळेच. प्रश्न विचारणारा उलट बाजूला बसला की माणूस अंधाराकडे तोंड करून बोलतो. बहुतेक वेळा घोटाळा इथंच होतो.

थर्माकोल त्याच सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, खुर्चीला टेकवून उभं केलं. ते हळूहळू जवळ आणा. अंधारातल्या डोळ्याची कड आणि गालावरच्या सुरकुत्या दिसू लागल्या की थांबा. त्याहून जवळ आणलं तर चेहरा पुन्हा सपाट होतो. चंदेरी कागद टाळा, त्याची चमक टोचते आणि वयस्कर माणूस डोळे बारीक करतो. चष्मा असेल तर काचेत पांढरा चौकोन दिसतोय का बघा. दिसला तर शीट थोडी वर उचलून खाली झुकवा.

तरीही काकांचा गाल आजारी दिसत होता. कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली. बाजूची भिंत पोपटी ऑइलपेंटची होती आणि तोच रंग गालावर येत होता. तिच्यावर पांढरी चादर टांगली, गाल सुधारला. लाल कोब्याची जमीन हनुवटीखाली असाच रंग टाकते. तिथं काळी घोंगडी अंथरा.

ट्यूबलाइट बंदच ठेवा. तिचा रंग खिडकीच्या उजेडाशी जुळत नाही. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर ढग आला की मोबाईल स्वतःच उजेड कमीजास्त करत बसतो.

आजी जमिनीवर बसणार असतील तर मोबाईलही तेवढाच खाली घ्या, लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात ठेवा, आणि त्या जिकडे बघतात तिकडे जास्त जागा सोडा. खिडकी मात्र फ्रेममध्ये घेऊ नका.