पेंटरने विचारलं, रेघ ठेवायची का

पोरा,

काल कँटीनमध्ये तुला दादाच्या डायलिसिसचं विचारलं तर तू म्हणालास, 'दादा आठवड्यातून दोनदा सर्व्हिसिंगला जातो, फिल्टर चोक झालाय', सगळे हसले, मी पण हसलो, जोक चांगलाच होता. पण तू ताट उचलून गेलास तेव्हा त्यात भाकरी तशीच होती. समोर बोललो असतो तर त्याच्यावर पण काहीतरी सोडलं असतंस, म्हणून लिहितोय.

मी तुझ्या दुप्पट जोक मारायचो. कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, मशीन बंद पडली की लोक मला दुरुस्तीला बोलवतात का हसायला, तेच कळायचं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात शिरली. आयर्विन पुलाला 45 फूट म्हणजे धोका, त्या वेळी पाणी 57 च्या वर गेलेलं. ओसरल्यावर किचनच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, आईने तिच्यावर पेन्सिलने तारीख लिहिली आणि शेवटपर्यंत कुणाला तिथं ब्रश लावू दिला नाही. मी पाहुण्यांना सांगायचो, कृष्णामाईने आमच्या घराचं माप घेऊन ठेवलंय, कपडे शिवायला.

मग आई गेली. तेराव्याला पण मी लोकांना हसवत होतो, लोक म्हणायचे पोरगं लई धीराचं आहे.

महिन्याभराने रंगकाम काढलं. पेंटरने विचारलं, साहेब ही रेघ ठेवायची का? मी म्हणालो, पुसून टाक, पुढच्या पुराला नवीन मारू. तो हसला, मी कामावर गेलो, संध्याकाळी आलो तर भिंत पांढरीशुभ्र. त्याची काय चूक, मी जोक मारला, त्याने खरं धरलं. ओल्या डिस्टेंपरच्या वासात उभा राहिलो आणि तोंडातून पहिलं काय निघालं, तर 'चला, पुरापेक्षा पेंटर बरा, एका दिवसात ओसरला'. मोठ्याने. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिथं मी अडकलो, कारण लोकांना हसवायला बोलतो असं मी समजत होतो, मग हा जोक कुणासाठी होता?

दुसऱ्या दिवसापासून फॉल्ट शोधतो तसं केलं. वहीत तीन रकाने: वेळ, माझा जोक, आणि जोकच्या अगदी आधी समोरचा काय बोलला. कामाचा रकाना तिसराच, मोटर ट्रिप झाली की आपण नुसतं मोटरकडे बघत बसतो का, त्याआधी काय झालं ते बघतो. आठवड्यात 19 जोक भरले, त्यातले 12 आईचा किंवा घराचा विषय येताच, आणि त्यातल्या कितीतरी वेळा समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी सुरू झालेलो. उरलेले सात नुसतेच जोक होते, त्यांना काय धाड भरलीय.

जॉर्ज व्हेलंट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मनाच्या बचावांवर पुष्कळ लिहिलंय. त्यांच्या मते विनोद हा शहाणा बचाव, कारण दुखऱ्या गोष्टीकडे बघत बघत माणूस हसतो, पण नुसती कोटी लक्ष दुसरीकडे नेते. माझे 12 च्या 12 दुसऱ्या जातीचे. पॅनेलवर हूटर वाजला की आपण अक्नॉलेज दाबतो, आवाज बंद, दिवा लालच. मी दिवसभर तेच बटण दाबत होतो.

जोक बंद नाही केले, जमलंच नसतं. फक्त जोकनंतर एक साधं वाक्य बोलायचं ठरवलं. 'झोप लागते का?' 'लागते की, वॉचमनपेक्षा बरी.' आणि मग, 'नाही लागत, तीनला जाग येते.' हे दुसरं वाक्य बोलताना पहिले काही दिवस कानशिलं गरम व्हायची, लाज वाटायची, ते होणारच. आणि वहीने सगळं भागत नाही हे पण सांगतो, दोन आठवडे झोप-जेवण उडालं तर डॉक्टरकडे जायचं, नाहीतर 14416 लावायचा, सरकारी टेली-मानस आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलतात.

साधं वाक्य पहिल्यांदा ताईला फोनवर बोललो. 'ताई, आईची रेघ मी पुसून टाकली.' ती बराच वेळ गप्प. माझ्या जिभेवर तीन जोक तयार होते, गिळले. मग ती रडली, मग मी. रविवारी मिरजेहून आली, स्विचबोर्डच्या खालच्या स्क्रूला बोट लावून म्हणाली, इथं होती, आणि आईचा नऊ नेहमी उलटा यायचा.

दादाची पुढची पाळी गुरुवारी ना? सुट्टी टाक, तुझी शिफ्ट मी बघतो. संध्याकाळी फोन कर, जोक आधी मार हवं तर.